रिप्रेसर काढून टाकला तरी ऑपेरॉन ऐकतोच: ट्रिप्टोफॅन अटेन्युएशनचं एक प्रकरण

परिस्थिती अशी आहे. ई. कोलायचा एक उत्परिवर्ती वाण घ्यायचा. त्याचं ट्रिप-आर हे जनुक बिघडलेलं आहे, म्हणजे ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनवर, ट्रिप्टोफॅन बनवणाऱ्या जनुकांच्या एकत्र चालणाऱ्या गटावर, पहारा ठेवणारं रिप्रेसर प्रथिन त्याच्याकडे नाही. पाठ्यपुस्तकातल्या साध्या मांडणीनुसार हा ऑपेरॉन आता कायम पूर्ण क्षमतेनं चालू असायला हवा. माध्यमात ट्रिप्टोफॅन भरपूर असो वा नसो, त्याला फरक पडण्याचं कारण उरत नाही. प्रत्यक्षात फरक पडतो. अशा पेशींची ट्रिप्टोफॅनची उपासमार केली की ऑपेरॉनमधल्या एन्झाइमांचं उत्पादन आणखी कित्येक पटींनी वाढतं. ट्रिप्टोफॅन परत दिलं की ते पुन्हा खाली येतं.

रिप्रेसर तर नाही. मग ट्रिप्टोफॅन कमी झाल्याची खबर ऑपेरॉनला देतंय कोण?

या प्रश्नाचं उत्तर १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्यानं मिळालं. ज्या क्रमानं ते सापडलं त्याच क्रमानं इथं मांडतो आहे. शेवटची आकृती आधी पाहिली की ती पाठ करायची गोष्ट होऊन बसते आणि तिच्या मागचा तर्क निसटतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी पहिला थर. ट्रिप्टोफॅन हे बनवायला महाग असं अमिनो आम्ल आहे. कोरिस्मेटपासून त्याच्यापर्यंत पोचायला जी एन्झाइमं लागतात ती ट्रिप-ई, डी, सी, बी आणि ए या पाच जनुकांवर, याच क्रमानं, एकापाठोपाठ लिहिलेली आहेत. पाचही जनुकांचा मिळून एकच लांब आरएनए निघतो. पेशीच्या प्रथिनांमध्ये मात्र ट्रिप्टोफॅनचं प्रमाण फार थोडं, जेमतेम शंभरात एक. त्यामुळे बाहेरून आयतं मिळत असताना हा कारखाना चालवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. ती थांबवायला रिप्रेसर आहे. त्याचं जनुक ऑपेरॉनपासून दूर, गुणसूत्रावर दुसरीकडेच आहे. एकट्यानं रिप्रेसर निकामी असतो. पेशीत मोकळं ट्रिप्टोफॅन पुरेसं असलं की ते त्याला चिकटतं, प्रथिनाचा आकार बदलतो, आणि मग ते ऑपेरॉनच्या सुरुवातीच्या ऑपरेटर या डीएनए-तुकड्यावर जाऊन बसतं. प्रमोटरवर, म्हणजे प्रतिलेखन जिथून सुरू होतं तिथं, आरएनए लिहिणाऱ्या पॉलिमरेजला जागाच मिळत नाही आणि प्रतिलेखन सुरू होत नाही. एवढ्या एका युक्तीनं ऑपेरॉनचं उत्पादन सुमारे सत्तर पटींच्या पट्ट्यात वरखाली होतं.

सत्तर पट म्हणजे काही थोडं नाही. म्हणूनच आणखी एक नियंत्रण असेल अशी शंका घ्यायला फार सबळ पुरावा हवा होता.

तो १९७३ मध्ये एथेल जॅक्सन आणि यानोफ्स्की यांच्या कामातून आला. त्यांच्याकडे ऑपेरॉनमधले वेगवेगळे तुकडे गळालेले वाण होते. त्यांतल्या काहींमध्ये ऑपरेटर आणि पहिलं जनुक ट्रिप-ई यांच्या मधला पट्टा गेलेला होता. प्रमोटर शाबूत, ऑपरेटर शाबूत, रिप्रेसरला प्रतिसादही व्यवस्थित. तरीही मागच्या जनुकांची एन्झाइमं नेहमीपेक्षा साधारण सहा ते दहा पट जास्त बनत होती. आणि रिप्रेसर असलेल्या वाणात जशी वाढ दिसली, तशीच ती रिप्रेसर नसलेल्या वाणातही दिसली.

या निकालावर जरा थांबायला हवं. डीएनएचा तुकडा काढल्यावर उत्पादन घटलं असतं तर त्याचा अर्थ लावणं सोपं होतं: काहीतरी गरजेचं गेलं. इथं तुकडा काढल्यावर उत्पादन वाढलं. म्हणजे तो तुकडा आपल्या जागी असताना काहीतरी अडवत होता. हे अडवणं ऑपरेटरच्या पुढे, म्हणजे पॉलिमरेज निघाल्यानंतरच्या वाटेवर घडत होतं, आणि त्याला रिप्रेसरची गरज नव्हती.

पुढची पायरी आरएनए मोजण्याची. रिप्रेसर नसलेल्या पेशींना भरपूर ट्रिप्टोफॅन दिलं आणि त्यांच्यातला ट्रिप आरएनए तपासला, तर सुरुवातीच्या पट्ट्याचे आरएनए रेणू भरपूर सापडतात, पण ट्रिप-ई आणि त्यापुढच्या जनुकांचे फारच थोडे. सुरुवात करणारी बहुतेक पॉलिमरेजं साधारण १४० न्यूक्लिओटाइडांपाशी काम सोडून देतात. १६२ न्यूक्लिओटाइडांचा हा पूर्वपट्टा ओलांडून जनुकांपर्यंत पोचतात ती दहातली एखाददुसरी. पेशी ट्रिप्टोफॅनच्या तीव्र टंचाईत सापडली की चित्र उलटतं आणि बहुतेक सगळी पॉलिमरेजं पार जातात. म्हणजे प्रतिलेखन थांबवायचं की पुढे जाऊ द्यायचं हा निर्णय वाटेत, १४० च्या आसपास होतो. या जागेला अटेन्युएटर म्हणतात, इथं प्रतिलेखन थांबण्याला अटेन्युएशन, आणि या पूर्ण पूर्वपट्ट्याला ट्रिप-एल.

आता तो पट्टा वाचू. त्यातले दोन भाग इथं दिले आहेत. पहिला २७ व्या न्यूक्लिओटाइडापासून ७१ व्यापर्यंत, दुसरा ११४ पासून १४१ पर्यंत.

```
27  AUG AAA GCA AUU UUC GUA CUG AAA GGU UGG UGG CGC ACU UCC UGA  71
114 AGCCCGC CUAAU GAGCGGGCU UUUUUUU  141
```

दुसरी ओळ आधी पाहू, कारण ती ओळखीची आहे. डावीकडचा एजीसीसीसीजीसी आणि उजवीकडचा जीसीजीजीजीसीयू एकमेकांना पूरक आहेत. आरएनए स्वतःवरच दुमडला की जी आणि सी यांच्या जोड्यांचा घट्ट केसपिनेसारखा आकार होतो आणि त्याच्यामागून लगेच यूची रांग येते. जीवाणूंमध्ये प्रतिलेखन संपवण्याची ही नेहमीची खूण आहे. केसपीन तयार झाली की पॉलिमरेज अडखळते, आणि डीएनएशी फक्त यूच्या कमजोर जोड्यांनी धरलेला आरएनए सुटून येतो. हा टर्मिनेटर आहे. पण कायम चालणारा टर्मिनेटर ऑपेरॉनच्या सुरुवातीलाच ठेवण्यात अर्थ नाही. त्याला बंद करण्याची सोय कुठेतरी असणारच.

ती सोय पहिल्या ओळीत आहे. तिथं रायबोसोम बसण्याची जागा आहे, एयूजी हा प्रारंभ कोडॉन आहे, यूजीए हा थांबा आहे आणि मध्ये १४ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड आहे. त्यातलं दहावं आणि अकरावं स्थान पाहा: यूजीजी, यूजीजी. दोन्ही ट्रिप्टोफॅन, लागून. शंभर अमिनो आम्लांत एखादाच येणारा हा कोडॉन चौदांत दोनदा, तोही सलग येतो, तेव्हा तो योगायोग मानायला मन धजत नाही. या पेप्टाइडाला पेशीत दुसरं काही काम नाही. ते बनतं आणि लवकरच मोडून जातं. कामाचं आहे ते फक्त ते बनवताना रायबोसोमला करावं लागणारं वाचन.

ट्रिप-एलच्या आरएनएमध्ये एकमेकांशी जोडी जमवू शकणारे चार तुकडे आहेत. पहिला ५४ ते ६८, म्हणजे त्यात दोन्ही ट्रिप्टोफॅन कोडॉन आले. दुसरा साधारण ७४ ते ९२. तिसरा १०८ ते १२१. चौथा १२६ ते १३४. टर्मिनेटर म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्याची जोडी. पण तिसरा दुसऱ्याशीही जोडी करू शकतो: ७४ ते ८५ हा भाग १०८ ते ११९ या भागाशी जुळतो. आणि दुसरा पहिल्याशीही जोडी करू शकतो. एकाच वेळी एक तुकडा दोघांशी जुळू शकत नाही, हाच सगळ्या यंत्रणेचा कणा आहे. दुसरा आणि तिसरा जुळले तर चौथा एकटा पडतो, टर्मिनेटर होत नाही, पॉलिमरेज पुढे जाते. म्हणून दोन-तीन या जोडीला प्रतिटर्मिनेटर म्हणतात. दुसरा कशात तरी अडकलेला असेल, तर तिसरा मोकळा राहतो, चौथ्याशी जुळतो आणि प्रतिलेखन संपतं.

तर निर्णय एका गोष्टीवर येऊन ठेपतो: तिसरा तुकडा पॉलिमरेजमधून बाहेर पडतो त्या क्षणी दुसरा तुकडा मोकळा आहे का?

इथं वेळेचा हिशेब आला, आणि मला हे प्रकरण सर्वांत सुंदर वाटतं ते इथंच. जीवाणूमध्ये केंद्रकाचं आवरण नसतं, त्यामुळे आरएनए लिहून होत असतानाच रायबोसोम त्यावर चढतो. पॉलिमरेज सेकंदाला साधारण ४० ते ५० न्यूक्लिओटाइडं लिहिते. म्हणजे ९२ पर्यंत पोचायला तिला दोनेक सेकंद. चांगल्या परिस्थितीत रायबोसोम सेकंदाला पंधराएक कोडॉन वाचतो, म्हणजे चौदा कोडॉनांना एक सेकंद. दोघांना आपापल्या गतीनं सोडलं तर रायबोसोम आरएनएवर कधी चढला या योगायोगावर निर्णय अवलंबून राहिला असता. तसं होत नाही, कारण पॉलिमरेज ९२ पाशी थबकते. तोवर पहिला आणि दुसरा तुकडा बाहेर आलेले असतात, ते आपसात जुळतात आणि त्या केसपिनेमुळे पॉलिमरेज तिथं खोळंबते. मागून रायबोसोम वाचत येतो, ती केसपीन उलगडतो आणि पॉलिमरेज पुन्हा चालू लागते. इथून पुढे दोघं जवळजवळ बरोबरीनं निघतात. १४१ पर्यंतचं अंतर आता पन्नासेक न्यूक्लिओटाइडांचं, म्हणजे साधारण एका सेकंदाचं. त्या एका सेकंदात रायबोसोम कुठं असतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ट्रिप्टोफॅन पुरेसं असेल तर अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत वाहून नेणारे टीआरएनए ट्रिप्टोफॅन लादलेल्या स्थितीत भरपूर असतात. रायबोसोम दोन्ही यूजीजी न अडखळता ओलांडतो आणि ६९ ते ७१ वरच्या थांब्यावर येतो. रायबोसोम मोठा असतो. ज्या कोडॉनवर तो असतो त्याच्या पुढचीही दहाएक न्यूक्लिओटाइडं त्याच्याखाली झाकली जातात. थांब्यावर उभा असलेला रायबोसोम दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीवर बसलेला असतो. दुसरा झाकलेला, म्हणून तिसरा बाहेर येताच चौथ्याची वाट पाहतो, दोघं जुळतात आणि प्रतिलेखन संपतं.

ट्रिप्टोफॅनची तीव्र टंचाई असेल तर यूजीजी या कोडॉनसाठी लादलेला टीआरएनए येतच नाही. रायबोसोम ५४ ते ५९ या पट्ट्यात अडकून पडतो. त्याच्याखाली पहिला तुकडा झाकला गेला आहे, पण ७४ पासून सुरू होणारा दुसरा मोकळा आहे. पहिला जोडीला उपलब्ध नसल्यानं दुसरा तिसऱ्याशी जुळतो, आणि चौथा बाहेर येईपर्यंत तिसरा हातातून गेलेला असतो. टर्मिनेटर होत नाही. पॉलिमरेज ट्रिप-ईमध्ये शिरते.

तिसरी स्थिती बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपतात, पण समज खरी की वरवरची ते तिथं कळतं. रायबोसोम आरएनएवर चढलाच नाही तर? पुष्कळ विद्यार्थी सांगतात की ऑपेरॉन चालू राहील, कारण अडवणारा रायबोसोम नाही. उत्तर उलट आहे. रायबोसोम नसेल तर पहिला आणि दुसरा तुकडा एकमेकांशी जुळून तसेच राहतात, तिसरा मोकळा सुटतो आणि चौथ्याशी जुळतो. ऑपेरॉन बंद. म्हणजे टर्मिनेशन ही या पट्ट्याची मूळची अवस्था आहे, आणि ती मोडायला नेमक्या जागी अडकलेला रायबोसोम लागतो.

हे नुसतं तर्कानं म्हणून चालत नाही, त्याला पुरावा हवा, आणि तो उत्परिवर्ती वाणांनी दिला. ट्रिप-एल-२९ या वाणात एयूजी या प्रारंभ कोडॉनमधला शेवटचा जी जाऊन तिथं ए आला आहे. एका अक्षराच्या बदलानं पेप्टाइडचं वाचन नीट सुरूच होत नाही. चारही तुकडे शाबूत, टर्मिनेटर शाबूत, तरी या वाणात टर्मिनेशन वाढतं, आणि ट्रिप्टोफॅनची उपासमार केली तरी ते नेहमीसारखं उठत नाही. उपासमारीची खबर पोचवणारं वाचनच थांबलं आहे. ट्रिप-एल-७५ या दुसऱ्या वाणात ७५ व्या जागेवरचा जी बदलून ए झाला आहे. ही जागा दुसऱ्या तुकड्यात आहे आणि दोन-तीन या जोडीत सामील असते. जोडी कमजोर झाली, प्रतिटर्मिनेटर टिकेना, आणि इथंही टर्मिनेशन वाढलं. दोन वेगळ्या जागी दोन वेगळे बिघाड, पण परिणाम एकाच दिशेचा. याउलट टर्मिनेटरच्या केसपिनेत जोड्या ढिल्या करणारे बदल झाले की टर्मिनेशन घटतं आणि जनुकांचं उत्पादन वाढतं.

मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा आर्जिनिनचा आहे. पेप्टाइडमध्ये बारावं स्थान, दोन्ही ट्रिप्टोफॅनच्या लगेच पुढचं, आर्जिनिनचं आहे. पेशींना ट्रिप्टोफॅन भरपूर देऊन आर्जिनिनची उपासमार केली तरी अटेन्युएशन बऱ्याच प्रमाणात उठतं. आर्जिनिनला ट्रिप ऑपेरॉनशी काही देणंघेणं नाही. पण त्या कोडॉनवर अडकलेला रायबोसोमही पहिला तुकडा झाकतो आणि दुसरा मोकळा ठेवतो, आणि यंत्रणेला तेवढंच कळतं. रायबोसोम का अडकला हे तिला कळत नाही, कुठं अडकला एवढंच कळतं. यानोफ्स्की यांच्या गटानं हा निकाल १९७८ मध्ये ट्रिप-एल-२९ सोबतच मांडला, आणि त्यानंतर ट्रिप्टोफॅनचा रेणू आरएनएला थेट चिकटत असेल अशी कल्पना ई. कोलायपुरती तरी धरून ठेवायला जागा उरली नाही.

आता एक साहजिक शंका. सत्तर पटींचा रिप्रेसर हाताशी असताना हा खटाटोप कशाला? उत्तर दोन्ही थर काय मोजतात यात आहे. रिप्रेसर मोकळं ट्रिप्टोफॅन मोजतो. अटेन्युएटर मोजतो ते टीआरएनएवर लादलेलं ट्रिप्टोफॅन. या दोन गोष्टी सहसा एकत्र वरखाली होतात, पण नेहमीच नाही. टीआरएनएवर ट्रिप्टोफॅन चढवणारं एन्झाइम ट्रिप-एस या जनुकावर लिहिलेलं असतं. ते अधू झालेल्या वाणात मोकळं ट्रिप्टोफॅन कितीही असलं तरी टीआरएनए रिकामेच फिरतात. तिथं रिप्रेसर म्हणतो भरपूर आहे आणि अटेन्युएटर म्हणतो काही नाही. ट्रिप्टोफॅनच्या टीआरएनएमध्ये बिघाड असलेल्या वाणांतही अटेन्युएशन ढिलं पडतं. प्रथिनं बनवण्याच्या दृष्टीनं पाहिलं तर लादलेला टीआरएनए हीच खरी शिल्लक, आणि तिच्यावर थेट नजर ठेवणारा थर दुसरा आहे.

दोन्ही थर एकाच वेळी सुटतही नाहीत. टंचाई हळूहळू वाढवत नेली तर आधी रिप्रेसर सुटतो. अटेन्युएशन तेव्हा जागच्या जागी असतं, कारण मोकळं ट्रिप्टोफॅन कमी झालं तरी टीआरएनए लादण्यापुरतं ते अजून असतं. टंचाई आणखी तीव्र झाली की मगच लादलेले टीआरएनए घटतात आणि दुसरा थर सुटतो. यानोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हा क्रम मोजून दाखवला.

आकडे जोडून पाहिले तर दोन थरांचा मिळून परिणाम बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे हे दिसतं. समजा, पॉलिमरेजला सुरुवात करण्याच्या एक हजार संधी आहेत. ट्रिप्टोफॅन भरपूर असताना रिप्रेसर सत्तरातली एकच संधी जाऊ देतो, म्हणजे चौदाएक पॉलिमरेजं निघतात. त्यांतली साधारण बारा टक्के अटेन्युएटर ओलांडतात, म्हणजे हजारात दोनसुद्धा पुरी जात नाहीत. मध्यम टंचाईत रिप्रेसर पूर्ण सुटला तर हजारही निघतात आणि १२० पार होतात. तीव्र टंचाईत अटेन्युएशनही उठलं की जवळपास हजारही जनुकांपर्यंत पोचतात. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सुमारे सहाशे पट. एकामागोमाग दोन वेगळ्या पायऱ्यांवर, आधी प्रारंभावर आणि मग समाप्तीवर, नियंत्रण असल्यामुळेच एवढा मोठा पट्टा मिळतो. याखेरीज तयार झालेलं ट्रिप्टोफॅन पहिल्या एन्झाइमालाच थेट रोखतं, पण ते जनुकांच्या नियंत्रणाचं काम नव्हे, म्हणून इथं त्यात शिरत नाही.

हे सारं प्रयोगशाळेत पाहायचं तर कुठं फसायला होतं तेही सांगायला हवं. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ट्रिप्टोफॅन नसलेल्या किमान माध्यमात साधा ई. कोलाय वाढवायचा आणि आता अटेन्युएशन उठलं असं समजायचं. साधा ई. कोलाय स्वतःच ट्रिप्टोफॅन बनवतो आणि टीआरएनए पुरेसे लादलेले ठेवतो. तिथं फक्त रिप्रेसर काहीसा सुटतो. अटेन्युएशन उठवायला खरी उपासमार लागते, म्हणजे ट्रिप्टोफॅन बनवण्याची क्षमता अधू झालेला वाण घ्यायचा, किंवा इंडोल-अ‍ॅक्रिलिक आम्ल वापरायचं. पण हे रसायन दोन्ही थरांवर काम करतं: ते टीआरएनए लादणाऱ्या एन्झाइमाला अडवतं आणि रिप्रेसरलाही निष्प्रभ करतं. रिप्रेसर असलेल्या वाणात ते वापरून उत्पादन वाढलं तर कोणत्या थरामुळे किती वाढलं हे सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीला जो वाण घेतला, रिप्रेसर नसलेला, तोच इथं योग्य. त्यात दिसलेला कोणताही बदल पहिल्या थराच्या खात्यावर टाकताच येत नाही.

दुसरी खबरदारी मोजमापाची. फक्त एन्झाइम मोजलं तर उत्पादन वाढल्याचं कळतं, पण सुरुवाती जास्त झाल्या की समाप्ती कमी झाली ते कळत नाही. त्यासाठी एकाच नमुन्यात दोन गोष्टी मोजाव्या लागतात: १४० च्या आधीच्या पट्ट्याचा आरएनए आणि ट्रिप-ईचा आरएनए. दोन्ही सारख्या पटीत वाढले तर रिप्रेसर सुटला. पहिला आहे तेवढाच राहून दुसरा वाढला तर अटेन्युएशन उठलं. छोटा आरएनए आणि लांब आरएनए पेशीत वेगवेगळ्या गतीनं मोडतात, तेव्हा त्यांच्या गुणोत्तराचा आकडा जसाच्या तसा टर्मिनेशनची टक्केवारी म्हणून वाचू नये. दोन परिस्थितींमधला फरक पाहावा.

परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्नही या चौकटीत सहज सुटतो. दोन्ही यूजीजी बदलून तिथं फेनिलअ‍ॅलानिनचे कोडॉन घातले तर? चार तुकड्यांच्या जोड्या तशाच राहतील अशी तजवीज केली, तर अटेन्युएटर ट्रिप्टोफॅनकडे दुर्लक्ष करून फेनिलअ‍ॅलानिनच्या टंचाईला प्रतिसाद देऊ लागेल. निसर्गात अशी उदाहरणं दिसतातही. ई. कोलायमध्ये फेनिलअ‍ॅलानिनच्या स्वतःच्या ऑपेरॉनच्या पूर्वपट्ट्यात १५ पैकी ७ अमिनो आम्लं फेनिलअ‍ॅलानिनच आहेत. हिस्टिडिनच्या ऑपेरॉनमध्ये १६ पैकी ७ हिस्टिडिन आहेत, तेही सलग, आणि त्या ऑपेरॉनला ट्रिपसारखा रिप्रेसरच नाही. तिथं दुसरा थर हा एकमेव थर आहे.

पण या यंत्रणेच्या मर्यादा स्पष्ट आहेत. प्रतिलेखन आणि भाषांतर एकाच जागी, एकाच वेळी चालत असेल तरच ती शक्य आहे. आपल्या पेशींत आरएनए केंद्रकात तयार होतो आणि रायबोसोम त्याला बाहेर भेटतो, तोवर निर्णयाची वेळ टळून गेलेली असते. आणि जीवाणूंतही सगळीकडे हाच मार्ग नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये ट्रिप ऑपेरॉनच्या पूर्वपट्ट्यावर रायबोसोमऐवजी ट्रॅप नावाचं प्रथिन काम करतं. त्याच्या अकरा एककांचं कडं असतं. ट्रिप्टोफॅन चिकटलं की ते कडं आरएनएवरच्या जीएजी आणि यूएजी अशा ओळीनं येणाऱ्या तुकड्यांना स्वतःभोवती गुंडाळून घेतं, त्यामुळे प्रतिटर्मिनेटर तयार होऊ शकत नाही आणि टर्मिनेटर होतो. म्हणजे इथं मोकळं ट्रिप्टोफॅनच मोजलं जातं. मग लादलेल्या टीआरएनएचं काय? बॅसिलसमध्ये त्यासाठी प्रतिट्रॅप नावाचं वेगळं प्रथिन आहे, २००१ मध्ये यानोफ्स्की यांच्याच प्रयोगशाळेत ओळखलं गेलेलं. रिकामे ट्रिप्टोफॅन टीआरएनए साठू लागले की ते तयार होतं आणि ट्रॅपला आरएनएवर बसू देत नाही.